बाबांचं क्रिएटिनिन १.४ म्हणून घर हादरलं, आईचं १.१ कुणी बघितलंच नाही

पिंपळपान | १२ जुलै, रात्री ९.४०

मंडळी, जरा डोकं चालवा. गेल्या आठवड्यात आईबाबांची वर्षाची तपासणी एकाच लॅबमध्ये केली. बाबा ७२ वर्षांचे, वजन ७८ किलो, आयुष्यभर शेतात राबलेले, अजूनही दंड दगडासारखे. त्यांचं क्रिएटिनिन १.४ आलं. रिपोर्टवर ठळक अक्षरात, बाजूला H. झालं, घरात सुतक. काकाने फोनवर डायलिसिसचा खर्चसुद्धा सांगून टाकला.

आई ६८ वर्षांची, जेमतेम ४६ किलो. शुगर नऊ वर्षांपासून, बीपी चार वर्षांपासून. तिचं १.१. स्त्रियांसाठी छापलेली मर्यादा ०.६ ते १.१, म्हणजे कुठे H नाही, ठळक अक्षर नाही. आम्ही तो कागद घडी घालून ठेवूनही दिला.

काल रात्री सहज खालच्या ओळी वाचल्या. ईजीएफआर बाबांचं ५३ आणि आईचं ५५. मग एक नापास नि एक पास कसा? का लॅबनेच काही घोळ घातलाय?

अजून एक. बाबांचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा आहे. तेव्हाही क्रिएटिनिन १.४ होतं, पण ईजीएफआर ५० होतं. आता ५३. म्हणजे किडनी सुधारली का?

---

निवांत_नाना | १२ जुलै, रात्री १०.०५

घोळ वगैरे काही नाही. ईजीएफआर म्हणजे किडनी किती टक्के चालते तो आकडा. दोघांची अर्धी किडनी गेली, अर्धी शिल्लक. क्रिएटिनिन हे रक्तातलं विष आहे, ते धुऊन काढायला रोज चार लिटर पाणी पाजा. आमच्या साडूचं १.६ चं १.२ झालं महिन्यात. डाळ बंद करा.

---

कोल्हापुरी_रांगडा | १२ जुलै, रात्री १०.३१

माझं पण सांगतो. वय २९, रोज जिम, क्रिएटिन पावडर चालू आहे. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ७०. डॉक्टर म्हणाले पावडर बंद कर. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन एकच ना? मग मी खातोय म्हणून रक्तात दिसतंय, एवढंच. बरोबर का? आदल्या रात्री मित्राकडे जेवण होतं, मटण आणि तांबडा रस्सा दाबून झाला होता, ते वेगळं.

---

रेवाकाठ | १३ जुलै, सकाळी ६.५०

पिंपळपान, लॅबने घोळ घातलेला नाही. उलट तुमच्या घरातले हे दोन कागद मी पूर्वी विद्यार्थ्यांना शिकवायला वापरले असते. (किडनीच्या ओपीडीत बावीस वर्षं काढली, आता निवृत्त.)

आधी नानांचं. क्रिएटिनिन विष नाही. स्नायूंची रोजची झीज होते, त्यातून तयार होणारा तो कचरा. ज्याचे स्नायू जास्त त्याचा कचरा जास्त. किडनी तो गाळून बाहेर टाकते. म्हणून रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: घरात कचरा किती होतो आणि घंटागाडी किती उचलते. बाबांच्या घरात कचराच जास्त. आईच्या घरात मुळात मूठभर, आणि तरीही १.१ साचलाय. म्हणजे तिची गाडी कमी उचलते आहे. छापील मर्यादेला हे कळत नाही, तिला फक्त आकडा दिसतो.

ईजीएफआर ही वेगळी तपासणी नसते. त्यासाठी वेगळं रक्त घेत नाहीत. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढं तीन गोष्टींचं गणित करून यंत्रच तो आकडा छापतं. तुमच्या लॅबने बहुतेक हे २०२१ चं सूत्र वापरलंय:

```
eGFR = 142 × min(Scr/κ,1)^α × max(Scr/κ,1)^-1.200
       × 0.9938^age × 1.012 [if female]
κ = 0.7 (F), 0.9 (M);  α = -0.241 (F), -0.302 (M)
```

घाबरू नका, आईचं करून दाखवतो. १.१ ला ०.७ ने भागलं, १.५७ आलं. ते १ पेक्षा मोठं आहे, त्यामुळे min वाला भाग १ होतो आणि विसरता येतो. १.५७ चा उणे १.२ घात म्हणजे ०.५८१. ०.९९३८ चा ६८ वा घात ०.६५५. आता १४२ × ०.५८१ × ०.६५५ × १.०१२ = ५४.७. कागदावर ५५.

बाबांचं: १.४ भागिले ०.९, म्हणजे १.५६. त्याचा घात ०.५८८, वयाचा ०.६३९. १४२ ने गुणलं की ५३.४.

बघा, भागाकारानंतर दोघंही १.५६-१.५७ वरच आले. बाईसाठी ०.७ आणि पुरुषासाठी ०.९ धरणं हेच स्नायूंचं ढोबळ गणित आहे. वजन, दंड, आहार यातलं काहीही सूत्राला माहीत नाही. त्याच्या दृष्टीने आई म्हणजे सरासरी बांध्याची ६८ वर्षांची बाई. ४६ किलोच्या बाईचे स्नायू त्या सरासरीपेक्षा कमी असतील, तर खरी गाळणी ५५ पेक्षाही कमी असू शकते. बाबांच्या बाबतीत नेमकं उलटं.

मागच्या वर्षीच्या ५० चं कोडंही सोपं आहे. त्या लॅबने जुनं एमडीआरडी सूत्र लावलं असणार. ७१ वर्षांचा पुरुष आणि १.४ घेऊन ते सूत्र चालवलं की बरोबर ५० येतं. किडनी सुधारलेली नाही, सूत्र बदललंय. तुलना करायची तर क्रिएटिनिनची करा किंवा दोन्ही आकडे एकाच सूत्रात घालून बघा.

मला आईचा जुना आकडा हवाय. सापडेल का?

---

निवांत_नाना | १३ जुलै, सकाळी ८.१५

डॉक्टरसाहेब, टक्के म्हटलं तर एवढं काय बिघडलं? तरुण माणसाचं शंभरच्या आसपास असतं ना?

---

रेवाकाठ | १३ जुलै, सकाळी ८.५२

शंभरच्या आसपास असतं हे खरं, म्हणूनच टक्के म्हणायची सवय लागते. मीही पेशंटला समजावताना कधीकधी तसं म्हटलंय, खोटं कशाला बोलू. पण हा आकडा आहे मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो त्याचा, तोही १.७३ चौरस मीटर अंगाच्या मापाला बेतलेला. सत्तरीच्या निरोगी माणसाचं ७५ असलं तर त्याची पाव किडनी गेली असं कुणी म्हणत नाही. वयाबरोबर वर्षाला साधारण एकेक मिलिलिटर कमी होत जातो.

चार लिटर पाण्याने गाळणी दुरुस्त होत नाही. साडू आधी कोरडे पडले असतील तर आकडा उतरला असेल, तेवढंच. आणि डाळ बंद करायला सांगू नका हो नाना, ४६ किलोच्या बाईला.

---

लॅबवाला_बदलापूर | १३ जुलै, दुपारी १.२०

लॅबची बाजू मांडतो. बहुतेक ठिकाणी क्रिएटिनिन जॅफे पद्धतीने होतं. पिक्रेट घातलं की नारिंगी रंग येतो आणि तो मोजायचा. स्वस्त पडतं म्हणून. पण तो रंग फक्त क्रिएटिनिनला येत नाही. शुगरवाल्याला किटोन झाले असतील किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर आकडा थोडा फुगतो. एन्झायमॅटिक पद्धत महाग, पण नेमकी. रिपोर्टवर क्रिएटिनिनखाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती बघा.

शिवाय आज १.१ आलेलं उद्या त्याच माणसाचं १.० किंवा १.२ येऊ शकतं. ०.१ वर रडूही नका आणि पेढेही वाटू नका. त्यातून वर ईजीएफआर दशांशात छापलेलं बघितलं की मलाच हसू येतं. ५४.७ म्हणे.

रांगडाभाऊ, शिजवलेल्या मटणातलं क्रिएटिनिन पोटातून रक्तात जातं आणि काही तास आकडा वर राहतो. रस्सा न खाता परत द्या.

---

अनुजा_लीड्स | १३ जुलै, दुपारी ४.०२

इथे रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये येतो. सासूबाई इकडे आल्या तेव्हा क्रिएटिनिन ९७ बघून माझी पाचावर धारण बसली होती! ८८.४ ने भागायचं असतं हे नंतर कळलं. ते निघालं १.१. म्हणजे पिंपळपान यांच्या आईचाच आकडा.

पण मग रेवाकाठ, एका तपासणीवर सासूबाईंना किडनीचा आजार आहे असं म्हणायचं का? आमच्या जीपीने तीन महिन्यांनी या म्हणून सांगितलं. मला ते टाळाटाळच वाटली.

---

रेवाकाठ | १३ जुलै, संध्याकाळी ७.३०

टाळाटाळ नाही, नियमच तो आहे. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलं तरच त्यावरून जुनाट आजार म्हणायचं. आणि त्याबरोबर लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन, बघायचंच.

---

पिंपळपान | १३ जुलै, रात्री ९.१५

सापडला! गेल्या वर्षी मे महिन्यात आईचं क्रिएटिनिन ०.८ होतं. तेव्हा तिचं वय ६७. तुमचं सूत्र लावून बघितलं, ८१ येतं. दोनदा मोजलं. ८१ चं ५५ झालं आणि दोन्ही वेळेला कागदावर एकही H नाही??

---

रेवाकाठ | १३ जुलै, रात्री ९.५८

हेच मला हवं होतं. आणि वाईटही वाटलं.

०.८ चं १.१. बघणाऱ्याला वाटतं ०.३ ने काय होतंय. पण हे वळण सरळ रेषेचं नाही. आईच्याच वयाच्या बाईचं क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ वर गेलं तर ८० चं ५५ होतं, पंचवीसची घसरण. तेच ४ वरून ५ वर गेलं तर १२ चं ९ होतं, तीनचीसुद्धा नाही. सुरुवातीला आकडा किंचित हलतो आणि गाळणी भराभर उतरत असते. शेवटी आकडा धावत सुटतो, तेव्हा उतरायला फारसं काही उरलेलं नसतं. लोक घाबरतात ते शेवटच्या टप्प्यात. काही करता येण्यासारखं असतं ते पहिल्या टप्प्यात, आणि तिथे H नसतो.

पण थांबा. ५५ हा आकडा खरा धरायला एक अट आहे: गेले काही दिवस क्रिएटिनिन एका जागी स्थिर हवं. उलट्या, जुलाब, ताप यांत किडनीला अचानक मार बसला तर क्रिएटिनिन हळूहळू चढतं, दोनतीन दिवस लागतात. त्या मधल्या काळात सूत्र जे सांगतं त्याला अर्थ नसतो. चढताना ते खोटा दिलासा देतं, उतरताना खोटी भीती दाखवतं.

म्हणून आता नीट आठवून सांगा. रक्त द्यायच्या आधीच्या पंधरा दिवसांत आईला काय झालं होतं? आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा?

---

पिंपळपान | १४ जुलै, सकाळी ७.२५

आईला विचारलं. आधी "काही नाही" म्हणाली. मग हळूहळू निघालं. मावसबहिणीच्या लग्नाहून आल्यावर दोन दिवस जुलाब झाले होते, तपासणीच्या चार दिवस आधी. पाणीही धड प्यायली नाही. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, दिवसाला दोन, महिनाभर. शेजारच्या काकूंनी नाव सांगितलं होतं. बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र आहे. शुगरला मेटफॉर्मिन. स्ट्रिप टिपॉयखालच्या डब्यात लपवून ठेवली होती, कारण मी ओरडतो म्हणून.

---

रेवाकाठ | १४ जुलै, सकाळी ८.१०

लपवलेली स्ट्रिप ओपीडीत जवळजवळ रोज निघायची.

किडनीच्या गाळणीत रक्त येण्याची एक नळी आणि जाण्याची एक. डायक्लोफिनॅकने येणारी आवळते. टेल्मिसार्टनने जाणारी सैल होते, ते एरवी किडनीच्या फायद्याचंच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी-मीठ कमी होतं. त्यावर जुलाब. आत दाब राहणार कुठून? गाळण मंदावलं आणि क्रिएटिनिन चढलं. ही भानगड बरेचदा उलटवता येते.

डायक्लोफिनॅक आजपासून बंद. बीपीची गोळी मात्र मनाने थांबवू नका, आजच तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि ती चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची ते त्यांना ठरवू द्या. मेटफॉर्मिनचंही त्यांनाच विचारा. ५५ ला ती सहसा चालते, ४५ च्या खाली डोस बघावा लागतो, ३० च्या खाली बंद. दोन आठवड्यांनी, पोट ठीक असताना, त्याच लॅबमध्ये क्रिएटिनिन परत. आणि सकाळच्या पहिल्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, दोघांचंही. नऊ वर्षं शुगर असून ही तपासणी कधीच झाली नसेल तर ती आधी.

---

कोल्हापुरी_रांगडा | १४ जुलै, सकाळी ११.४४

माझं राहिलंच की राव.

---

रेवाकाठ | १४ जुलै, दुपारी १२.३०

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन एकच नाही, पण पहिल्याचं दुसरं होतं, त्यामुळे तुझं निम्मं बरोबर. पावडर आणि मटण दोन्ही काही दिवस बंद ठेव, जिमलाही दोन दिवस सुट्टी, मग क्रिएटिनिन कर. तरीही १.४ आलं तर रक्तातलं सिस्टॅटिन सी करून घे. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. पण तुझी लघवी तपासल्याशिवाय "एवढंच" हा शब्द मी तुला देणार नाही.

---

पिंपळपान | ३० जुलै, रात्री ८.४८

अपडेट. डॉक्टरांनी बीपीची गोळी आठवडाभर बदलली, डायक्लोफिनॅक बंद. आईचं क्रिएटिनिन आता ०.९, ईजीएफआर ७०. मी आनंदाने उडी मारणार तेवढ्यात लघवीचा रिपोर्ट: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ८४. मर्यादा ३०.

बाबांचं क्रिएटिनिन पुन्हा १.४, लघवीत १२. म्हणजे ज्यांच्यासाठी घर रडलं त्यांची लघवी स्वच्छ. आमचे डॉक्टर म्हणतात बाबांचं वर्षभर ६० च्या खाली आहे, म्हणजे व्याख्येनुसार आजार आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, ७२ वर्षांच्या माणसाला यावरून पेशंट करू नका. कुणाचं ऐकू?

---

लॅबवाला_बदलापूर | ३० जुलै, रात्री ९.२०

सिस्टॅटिन सी करा बाबांचं. आमच्याकडे नाही होत, बाहेर पाठवतो. महाग आहे हे सांगून ठेवतो.

---

रेवाकाठ | ३१ जुलै, सकाळी ७.०५

दोन्ही डॉक्टर चुकीचे नाहीत, या वादावर आमच्यातच एकमत नाही. ४५ ते ५९ च्या मधलं, लघवी स्वच्छ, अंगाने दणकट, अशा माणसासाठीच सिस्टॅटिन सी सुचवतात. समजा १.०५ आलं, तर ७२ व्या वर्षी सिस्टॅटिनच्या सूत्राने ६९ निघतं, आणि मग १.४ मधलं बरंचसं दंडाचं असं म्हणता येईल. पण तेही निर्दोष नाही. थायरॉइड, स्टेरॉइड, लठ्ठपणा, तंबाखू यांनी तोही आकडा हलतो. बाबा मिश्री लावतात का? एरवी मी म्हणेन, परवडत असेल तर एकदा करा, नसेल तर दर वर्षी क्रिएटिनिन आणि लघवी बघत राहा.

आईबद्दल मात्र मला ७० पेक्षा ८४ जास्त महत्त्वाचं वाटतं. ७० असूनही अल्ब्युमिन गळत राहिलं तर तो आजारच, साठच्या वर आहे म्हणून सुटका नाही. अर्थात लघवीत जंतुसंसर्ग किंवा ताप असतानाही हा आकडा वाढतो, म्हणून एकदा येऊन भागत नाही. तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. तिनातल्या दोन वेळा ३० च्या वर राहिलं तर पक्कं. टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केलंय ना? ते सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढेल, १.० किंवा १.१ सुद्धा. तीस टक्क्यांच्या आत असेल तर घाबरून बंद करायचं नसतं, कारण आतला दाब कमी झाल्याचीच ती खूण असते.

---

निवांत_नाना | ३१ जुलै, सकाळी ९.३३

म्हणजे त्याच गोळीने चढलं तर वाईट आणि त्याच गोळीने चढलं तर चांगलं? तुम्हा डॉक्टरांचं काही कळत नाही बुवा.

---

रेवाकाठ | ३१ जुलै, सकाळी १०.०१

नाना, आज पहिल्यांदा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. आकड्यावरून फरक कळत नाही. जुलाब, पेनकिलर असं काही नसताना थोडं चढून तिथेच थांबलं तर ठीक. चढतच राहिलं किंवा एकदम उसळलं तर नाही. म्हणून गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायचं असतं.

---

पिंपळपान | ३१ जुलै, रात्री १०.१०

गोळी २४ तारखेला सुरू झाली, म्हणजे १४ ऑगस्टला रक्त देतो. लघवी तेव्हा आणि ऑक्टोबरमध्ये. स्ट्रिपचा डबा मी ताब्यात घेतलाय. आई म्हणते गुडघ्याचं काय करू ते तुझ्या त्या डॉक्टरांना विचार. आणि हो, बाबा मिश्री लावतात. चाळीस वर्षं.

---

कोल्हापुरी_रांगडा | १ ऑगस्ट, सकाळी ७.५६

पावडर, मटण बंद करून दहा दिवस झाले. क्रिएटिनिन १.२. लघवी अजून दिली नाही. देतो.